पद्मिनी आणि पोनी: गरीब देशाने कारखानदारी उभारायचे दोन मार्ग

ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी उतरली. काळ्यापिवळ्या टॅक्सीवर मुंबईकरांचं प्रेम होतं, माझंही आहे. पण अर्थशास्त्राच्या नजरेने पाहिलं तर त्या गाडीत एक कोडं आहे. ती मुळात इटलीची फियाट ११००. तिचा १९६४ च्या सुमारास आलेला साचा कुर्ल्याच्या कारखान्यातून २००० सालापर्यंत जवळपास तसाच निघत राहिला. तिच्या आयुष्याच्या मध्यावर, १९७५ च्या अखेरीस, दक्षिण कोरियात ह्युंदाईने आपली पहिली स्वतःची गाडी काढली. तिचं नाव पोनी. साचा इटालियन डिझायनर जुजारोकडून करून घेतलेला, इंजिनाचं तंत्र जपानच्या मित्सुबिशीचं. म्हणजे दोन्ही गाड्या उसन्या ज्ञानावर उभ्या होत्या आणि दोन्ही देशांनी आपापल्या कंपनीला परदेशी गाड्यांपासून भिंत बांधून सांभाळलं होतं. तरीही एक कंपनी इतिहासजमा झाली आणि दुसरी आज आपल्या तळेगावात कारखाना चालवते.

गरीब देशांनी औद्योगिक कसं व्हावं, यावर गेली सत्तर वर्षं वाद चालू आहे. एक बाजू म्हणते, बाहेरून येणाऱ्या वस्तू अडवा आणि त्याच घरी बनवा. याला आयात-पर्यायीकरण म्हणतात. दुसरी म्हणते, जगाच्या बाजारात विकता येईल असं काहीतरी बनवा आणि मिळालेल्या परकीय चलनावर पुढचा टप्पा गाठा. हा निर्यातप्रधान मार्ग. हा वाद मी या दोन गाड्यांमधून सांगणार आहे, कारण 'बंद अर्थव्यवस्था विरुद्ध खुली अर्थव्यवस्था' अशी जी सोपी मांडणी नेहमी ऐकू येते, ती कोरियाच्या बाबतीत खोटी ठरते.

आधी आयात-पर्यायीकरणाच्या बाजूचा मूळ विचार समजून घेऊ. तो मूर्खपणाचा नव्हता, आणि आज त्याची टिंगल होते ते मला अन्यायाचं वाटतं. अर्जेंटिनाचे अर्थतज्ज्ञ राउल प्रेबिश यांनी १९५० च्या सुमारास मांडलं, की कॉफी, तांबं, कापूस विकून यंत्रं विकत घेणारा देश दिवसेंदिवस तोट्यात जातो. कच्च्या मालाच्या किमती यंत्रांच्या मानाने घसरत जातात. काल शंभर पोती कॉफीत येणारं यंत्र उद्या दीडशे पोत्यांना पडतं. मग कच्चा माल विकत बसण्यापेक्षा यंत्र इथेच का बनवू नये? नव्याने स्वतंत्र झालेल्या देशाला हे पटणं स्वाभाविक होतं. चहा, ताग आणि कापड विकून पोलाद आणता येणार नाही, हे आपल्या नियोजनकारांनाही दिसत होतं.

मुंबईत मोटारी आधीपासून बनत होत्या, पण 'बनत' हा शब्द इथे सैल आहे. अमेरिकेच्या जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला कारखाना काढला होता. तिथे जहाजातून पेटाऱ्यांत आलेले सुटे भाग नुसते जोडले जात. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने सांगितलं, की टप्प्याटप्प्याने भाग इथे बनवायचा कार्यक्रम द्या, नाहीतर गाशा गुंडाळा. जनरल मोटर्स १९५४ मध्ये निघून गेली, फोर्डही गेली. मैदानात राहिल्या त्या देशी कंपन्या. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स त्यांतलीच.

इथपर्यंत धोरण नीट होतं. पुढे काय बिघडलं, हे एका छोट्या हिशोबातून सांगतो. आकडे समजण्यापुरते, मनाचे आहेत.

समजा, एक गाडी जगाच्या बाजारात १०० रुपयांना मिळते. तिच्यात ६० रुपयांचे सुटे भाग आहेत, म्हणजे ते जोडून गाडी उभी करणाऱ्या कारखान्याची स्वतःची भर ४० रुपयांची. आता सरकारने गाडीवर ५० टक्के आयात शुल्क लावलं आणि सुट्या भागांवर १० टक्के. देशात गाडी १५० ला विकता येईल. भाग ६६ ला पडतील. कारखान्याच्या हातात ८४ रुपये राहतील. जगातला दुसरा कारखानदार जे काम ४० रुपयांत करतो, त्याच कामाला इथे ८४ मिळतात. कागदावर शुल्क ५० टक्के दिसतं, पण कारखान्याला प्रत्यक्षात मिळालेलं संरक्षण ११० टक्के आहे. निम्म्या कार्यक्षमतेने काम करूनही तो मजेत जगू शकतो.

आता हाच कारखानदार गाडी परदेशी पाठवायला निघाला तर? तिथे किंमत १०० च मिळणार. भाग मात्र शुल्क भरून ६६ ला घेतलेले. हातात उरले ३४. एकच गाडी घरी विकली तर ८४, बाहेर विकली तर ३४. कोण शहाणा माणूस निर्यात करील? म्हणजे आयातीवर लावलेला कर निर्यातीवरही लागतो, फक्त तो दिसत नाही. या विषयातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

भारतात तर शुल्काच्याही पुढची पायरी होती. मोटारींची आयात जवळजवळ बंदच होती, त्यामुळे ८४ या आकड्याला वरची मर्यादाही नव्हती. १९५७ मध्ये, दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या सुरुवातीलाच, परकीय चलनाची गंगाजळी आटली आणि प्रत्येक डॉलरचं रेशनिंग सुरू झालं. कारखान्याला भाग किंवा यंत्र आणायचं तर परवाना हवा. तो देताना ती वस्तू देशात कुठेच बनत नाही याची खात्री करायची. देशात कोणी बनवत असेल तर ती कितीही महाग किंवा निकृष्ट असली तरी तीच घ्यायची. शिवाय आयात परवान्यांचं वाटप बरेचदा कारखान्याच्या स्थापित क्षमतेच्या प्रमाणात होई. त्यामुळे अर्धा कारखाना रिकामा असतानाही मालक क्षमता वाढवत, कारण क्षमता जास्त असली की परवाना मोठा मिळे. भांडवलाची टंचाई असलेल्या देशात भांडवल असं गंजत पडलं.

दुसरीकडे, मंजूर क्षमतेपेक्षा जास्त उत्पादन करणं हा नियमभंग होता. स्कूटरला लोक नंबर लावून वर्षानुवर्षं थांबत, ज्याचा नंबर लागला त्याला दारातच जास्त पैसे देऊन गाडी मागणारे भेटत, आणि त्याच वेळी कारखानदाराला हवं तितकं उत्पादन करता येत नव्हतं. १९६९ मध्ये सरकारने मोटारींच्या किमतींवरही कायदेशीर नियंत्रण आणलं आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. अशा परिस्थितीत कंपनीचा वेळ आणि बुद्धी कुठे खर्च होणार? दिल्लीतल्या कार्यालयांत. कुर्ल्यातल्या इंजिनिअरांना गाडी सुधारता आली नसती असं नाही. पण सुधारलेल्या गाडीने जास्त खपायचं तर जास्त बनवायला परवानगी नव्हती, आणि न सुधारलेली गाडीही रांगेतला ग्राहक घेणारच होता.

यात छोट्या बाजाराचा प्रश्न मिसळा. गाडीचे पत्रे दाबून आकार देणारे साचे फार महाग असतात. समजा, एका मॉडेलचे साचे १० कोटींना पडले. वीस हजार गाड्या काढल्या तर प्रत्येक गाडीवर ५,००० रुपयांचा बोजा, तीन लाख काढल्या तर ३३३ रुपयांचा. सत्तरच्या दशकात सगळ्या भारतात मिळून वर्षाला तीस-चाळीस हजार मोटारी बनत, आणि त्याही तीन कंपन्यांत वाटलेल्या. नवा साचा परवडणारच नव्हता. चाळीस वर्षं एकच पद्मिनी दिसण्यामागे आळसापेक्षा हे गणित मोठं आहे.

आता कोरिया. १९६० च्या सुमारास हा देश युद्धात भाजून निघालेला, अमेरिकेच्या मदतीवर जगणारा होता. १९५० च्या दशकात तोही आयात-पर्यायीकरणच करत होता. १९६१ मध्ये जनरल पार्क चुंग-ही यांनी सत्ता बळकावली. सुरुवातीला काही मोठ्या व्यापाऱ्यांना बेकायदा संपत्तीच्या आरोपाखाली अटक झाली आणि बँका सरकारच्या ताब्यात आल्या. पुढचं सगळं या बँकांच्या किल्ल्यांवर चाललं.

वरचा ८४ विरुद्ध ३४ चा हिशोब आठवा. कोरियाने तो तीन बाजूंनी बदलला. १९६४ मध्ये चलनाचं मोठं अवमूल्यन केलं, डॉलरचा भाव १३० वॉनवरून २५५ वर नेला. त्यामुळे निर्यातदाराच्या हातात देशी चलनात जवळपास दुप्पट पैसे येऊ लागले. निर्यातीच्या मालात वापरलेल्या आयात भागांवरचं शुल्क माफ झालं, म्हणजे आपल्या उदाहरणातल्या ३४ चे पुन्हा ४० झाले. आणि परदेशातून ऑर्डर आल्याचं बँकेचं पत्र दाखवलं की जवळजवळ आपोआप स्वस्त कर्ज मिळू लागलं. साध्या उद्योगाला बँकेचा दर २६ टक्क्यांपर्यंत होता तेव्हा निर्यातीच्या कर्जाचा दर ६ टक्क्यांच्या आसपास होता. दर महिन्याला निर्यातीचा आढावा घ्यायला स्वतः राष्ट्राध्यक्ष बसत. ३० नोव्हेंबर १९६४ ला निर्यातीने १० कोटी डॉलरचा टप्पा गाठला, तो दिवस पुढे 'निर्यात दिन' झाला. १९७७ मध्ये हा आकडा १,००० कोटी डॉलर होता. याउलट जगाच्या निर्यातीतला भारताचा वाटा स्वातंत्र्याच्या वेळी २ टक्क्यांच्या वर होता, तो १९८० च्या दशकात अर्ध्या टक्क्यावर आला.

पण घराची भिंत? ती कोरियाने पाडली नाही. परदेशी मोटारींना १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत दार बंद होतं, जपानी गाड्यांना तर १९९९ पर्यंत. कोरियातल्या ग्राहकाला पोनी परदेशी ग्राहकापेक्षा बरीच महाग पडत होती. म्हणजे घरचा ग्राहक लुबाडला जात होताच, फक्त त्या पैशाचा उपयोग वेगळा झाला. बंद बाजारातला नफा परदेशातला तोटा भरून काढायला वापरायचा, आणि परदेशात माल खपला नाही तर कर्ज व सवलती आटतील, असा अलिखित करार होता. भिंतीच्या आत बसायला भाडं होतं, आणि ते निर्यातीत भरायचं होतं.

हे भाडं निर्यातीतच का घ्यायचं, यात मोठं शहाणपण आहे. देशातल्या उत्पादनाचे आकडे अधिकाऱ्याला फसवू शकतात, ओळखीपाळखीने, लाच देऊन, कागद रंगवून. अमेरिकेतला किंवा इक्वाडोरमधला ग्राहक कोणाच्याही चिठ्ठीवर गाडी घेत नाही. त्यामुळे कोणत्या कंपनीला सांभाळायचं आणि कोणती सोडून द्यायची, ही परीक्षा परक्या माणसाने घेतली. प्रामाणिक आणि हुशार अधिकारी भारतातही होते. त्यांच्याकडे अशी तटस्थ गुणपत्रिका नव्हती.

ह्युंदाईचा प्रवास पाहिला की हे स्पष्ट होतं. १९६७ मध्ये कंपनी निघाली, १९६८ पासून उल्सानला फोर्डची कॉर्टिना जोडू लागली. म्हणजे शिवडीत चालायचं तेच काम. १९७३ मध्ये सरकारने देशी मॉडेल काढण्याची अट घातली. त्याच सुमाराला फोर्डशी भागीदारीची बोलणी फिसकटली होती. ह्युंदाईने ब्रिटनमधून जॉर्ज टर्नबुल नावाचा अनुभवी मोटार-व्यवस्थापक नोकरीला आणला आणि पोनी उभी केली. १९७६ मध्ये काही थोड्या गाड्या इक्वाडोरला गेल्या. १९८५ मध्ये वर्षाला तीन लाख गाड्यांचा कारखाना बांधला गेला, एवढ्या गाड्या तेव्हा कोरियात खपणंच शक्य नव्हतं. साच्याचे ३३३ रुपये इथे लागू झाले. १९८६ मध्ये 'एक्सेल' अमेरिकेत ४,९९५ डॉलरला उतरली आणि पहिल्याच वर्षी १,६८,८८२ गाड्या विकल्या गेल्या.

आणि मग ती बिघडू लागली. स्वस्त पण कुचकामी अशी तिची ख्याती झाली आणि काही वर्षांत खप कोसळला. १९९८ मध्ये अमेरिकेत ह्युंदाई लाखभरसुद्धा गाड्या विकू शकली नाही. कंपनीला गाडी मुळापासून सुधारावी लागली, आणि इंजिन-गिअरबॉक्सवर दहा वर्षं किंवा एक लाख मैलांची हमी देऊन नाव परत मिळवावं लागलं. पद्मिनीच्या ग्राहकाला दुसरीकडे जायला जागा नव्हती, एक्सेलच्या ग्राहकाला होती.

यावरून कोरियाचा मार्ग निर्धोक होता असं मात्र कोणी समजू नये. स्वस्त निर्यात म्हणजे स्वस्त मजुरी, आणि मजुरी स्वस्त ठेवायला संघटना दडपल्या गेल्या. सोलच्या प्योंगह्वा बाजारात शिलाईच्या कारखान्यांतल्या मुली बुटक्या माळ्यांवर, हवा नसलेल्या जागी रोज चौदा-पंधरा तास काम करत. कामगार कायदा पाळा एवढीच मागणी करत चॉन थे-इल या २२ वर्षांच्या शिंप्याने १३ नोव्हेंबर १९७० ला स्वतःला पेटवून घेतलं. निर्यातीचा आलेख दाखवणाऱ्याने हेही सांगायला हवं. तसंच कोरियाला काही गोष्टी आधीच मिळाल्या होत्या. जमीन सुधारणा १९५० च्या आसपास झाली होती, साक्षरता झपाट्याने वाढली होती, अमेरिकेचा बाजार मैत्रीपोटी उघडा होता आणि व्हिएतनाम युद्धातली कंत्राटं मिळत होती.

दुसरा धोका पैशाचा. स्वस्त कर्जावर वाढलेल्या कोरियन उद्योगसमूहांचं कर्ज १९९७ पर्यंत त्यांच्या स्वतःच्या भांडवलाच्या चारपट-पाचपट झालं होतं, आणि बँकांनी परदेशातून घेतलेल्या कर्जाचा मोठा भाग वर्षाच्या आत फेडायचा होता. जानेवारीत हान्बो ही पोलाद कंपनी बुडाली, उन्हाळ्यात किया ही मोटार कंपनी अडचणीत आली, परदेशी बँकांनी कर्ज नव्याने द्यायचं थांबवलं आणि नोव्हेंबरमध्ये देश नाणेनिधीच्या दारात उभा राहिला. लाखो लोकांच्या नोकऱ्या गेल्या. १९९८ च्या सुरुवातीला सुमारे ३५ लाख कोरियन नागरिकांनी लग्नातल्या अंगठ्या आणि मुलांच्या वाढदिवसाचे सोन्याचे दागिने देशाचं कर्ज फेडायला आणून दिले. जवळपास २२७ टन सोनं जमलं.

सोनं आपणही दिलं होतं. जुलै १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेने मुंबईतून सुमारे ४७ टन सोनं विमानाने परदेशी पाठवून गहाण टाकलं आणि ४० कोटी डॉलरच्या आसपास कर्ज उचललं. आखाती युद्धाने तेल महागलं होतं, सरकारने ऐंशीच्या दशकात वारेमाप कर्ज काढलं होतं, ही तात्कालिक कारणं. पण खोलवरचं कारण ८४ आणि ३४ मध्ये होतं. गाड्या आणणं बंद केल्याने परकीय चलन वाचलं खरं, मात्र त्या बनवायला यंत्रं, खास पोलाद, रसायनं, तेल लागतच राहिलं. आयात थांबली नाही, तिचं रूप बदललं, आणि ती भागवणारी निर्यात आपणच खच्ची केली होती. १९६५ मध्ये कांडल्याला आणि १९७३ मध्ये अंधेरीच्या सीप्झला निर्यात क्षेत्रं काढली गेली, पण ती कुंपणाआडची बेटं राहिली. कुंपणाबाहेरच्या कारखान्याचा हिशोब तसाच होता.

दोन्ही घसरणींची चाल वेगळी, म्हणून खुणाही वेगळ्या. आयात-पर्यायीकरण हळूहळू सडतं. संरक्षणाला दहा वर्षं झाली तरी जगातली किंमत आणि घरची किंमत यांतलं अंतर कमी होत नसेल, रांग लांबत असेल आणि कंपनी आणखी दहा वर्षं मागत असेल, तर काम बिघडलं आहे. निर्यातप्रधान मार्ग भरधाव असतानाच अचानक उलटतो. तिथे विक्रीचा आलेख पाहून कळत नाही, अल्पमुदतीचं परदेशी कर्ज गंगाजळीपेक्षा मोठं झालं का ते पाहावं लागतं. सावरण्यातही फरक आहे. वॉन कोसळल्यावर कोरियाचा माल जगात स्वस्त झाला, कारखाने विकायला तयारच होते, आणि १९९९ मध्ये अर्थव्यवस्था १० टक्क्यांहून जास्त वाढली.

मग भारताची ती चाळीस वर्षं वाया गेली का? मला तसं वाटत नाही. पिंपरी-चिंचवड, आकुर्डी, मुंढवा या पट्ट्यात ओतकाम, घडाई, गिअर कापणं, साचे बनवणं जाणणारी माणसं त्याच बंद काळात तयार झाली. १९६१ ची भारत फोर्ज पुढे जगभरच्या ट्रककंपन्यांना घडाईचे भाग पुरवू लागली, बजाजच्या गाड्या आफ्रिकेत आणि दक्षिण अमेरिकेत पोचल्या. भिंतीच्या आत कसब तयार झालं होतं. बाहेर जाऊन ते पारखण्याची सक्ती तीस वर्षं उशिरा आली.

त्या कसबाचा फायदा पुढे ह्युंदाईलाच झाला. १९९८ मध्ये चेन्नईजवळ तिने सँट्रो काढली आणि लवकरच तिथून परदेशी गाड्या पाठवू लागली. शिवडीतून गेलेली जनरल मोटर्सही दरम्यान परतली होती. २००८ मध्ये तिने तळेगावला कारखाना काढला, २०१७ च्या अखेरीस भारतात गाड्या विकणं थांबवलं, आणखी काही वर्षं फक्त निर्यातीसाठी तो चालवला आणि मग बंद केला. जानेवारी २०२४ मध्ये त्याचा ताबा ह्युंदाईकडे गेला.